गणवेश पुरवठ्याचा प्रस्ताव : एकाच शाळेला लिहिलेली दोन पत्रं

शाळा पहिली ते दहावीपर्यंतची, पटावर ६४० मुलं. गणवेशाचे पैसे वार्षिक शुल्कात घेतले जातात आणि वर्ष सुरू होण्याआधी शाळाच प्रत्येक मुलाच्या हाती दोन जोड देते. फिकट निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाली गडद निळी पँट किंवा स्कर्ट. वर्षानुवर्षं गणवेश पुरवणाऱ्यांनी व्यवसाय थांबवायचं ठरवलं आणि शाळा नव्या पुरवठादाराच्या शोधात होती. ही बातमी आठ मशिनच्या एका शिवणकारखान्यापर्यंत पोहोचली. कारखान्याच्या मालकीणबाईंनी शाळेला पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. काही काळाने त्याच शाळेला त्यांनी दुसरं पत्र दिलं आणि ते काम त्यांना मिळालं. पहिलं पत्र मी नंतर वाचलं. दुसरं लिहिताना मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. नावं गाळून ते सगळं इथे मांडतो, कारण शाळेला जाणाऱ्या प्रस्तावात नेमकं काय असायला हवं हे या दोन पत्रांच्या फरकातून फार स्पष्ट दिसतं.

पहिल्या पत्रात कामाचा मजकूर एवढाच होता :

"आमच्याकडे उत्तम दर्जाचे शालेय गणवेश माफक दरात शिवून मिळतात. ऑर्डर मिळाल्यापासून तीन आठवड्यांत माल पोहोच केला जाईल. आमच्या मालाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. शाळेला योग्य तो लाभ देण्याची आमची तयारी आहे. तरी एकदा सेवेची संधी द्यावी."

सोबत दरपत्रक होतं. दर चढा म्हणून उत्तर आलं नसावं, असा मालकीणबाईंचा समज. दर आणखी उतरवून पुन्हा पत्र द्यावं असं त्यांच्या मनात होतं. त्याआधी एकदा मुख्याध्यापिकांना भेटून या, असं मी सुचवलं. भेट छोटीच झाली, पण त्यातून कळलेल्या गोष्टींनी दुसऱ्या पत्राचा पाया घातला.

दराबद्दल मुख्याध्यापिकांची काहीच तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, "उत्तम दर्जा तर सगळेच लिहितात, त्यावरून मला काय कळणार? शाळा सुरू झाली की पहिला महिना माझ्या कचेरीत पालकांची रांग लागते. कुणाचा शर्ट घट्ट, कुणाची पँट आखूड, कुणाला मिळालेलीच नाही. मला ती रांग नकोय." दुसरी गोष्ट त्यांनी जरा अडखळत सांगितली. "लाभाचं वाक्य होतं ना, त्यामुळे तुमचं पत्र मला समितीपुढे ठेवताच आलं नाही. ठेवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, लाभ कुणाला?"

मालकीणबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. शाळेच्या एखाद्या कार्यक्रमाला मदत करावी, एवढाच त्यांचा हेतू. पण पालकांच्या पैशातून होणाऱ्या खरेदीत असं मोघम वाक्य वाचणाऱ्याला अडचणीत टाकतं. द्यायचंच असेल तर ते दरातून कमी करावं, म्हणजे ज्याचे पैसे त्यालाच फायदा मिळतो आणि तो कागदावर दिसतो. ते वाक्य आम्ही काढून टाकलं आणि त्याच्या जागी काहीही घातलं नाही.

तीन आठवडे कुठून आले?

मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की सगळेच तसं लिहितात. म्हणून आम्ही हिशेब मांडला. ६४० मुलांचे दोन-दोन जोड म्हणजे १,२८० शर्ट आणि तितक्याच पँट-स्कर्ट. बदलून देण्यासाठी ५ टक्के जादा धरले तर प्रत्येकी १,३४४, म्हणजे एकूण २,६८८ नग. आठ मशिन, दिवसाचे आठ तास, म्हणजे दिवसाला ३,८४० मिनिटं. मात्र दोरा बदलणं, सुई तुटणं, कापलेल्या मालाची वाट पाहणं, उसवून पुन्हा शिवणं हे सगळं वजा केलं तर छोट्या कारखान्यात यातली ६० टक्के मिनिटं खऱ्या शिलाईला मिळाली तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे साधारण २,३०० मिनिटं उरतात. शर्ट आणि पँट यांची सरासरी धरून एका नगाच्या शिलाईला या कारखान्यात ३५ मिनिटं लागत होती. त्या हिशेबाने दिवसाला ६५ नग. २,६८८ नगांना जवळजवळ ४२ कामाचे दिवस, आठवड्याला सहा दिवस धरले तर पूर्ण सात आठवडे. आणि ही झाली फक्त शिलाई. कापड येणं, कटिंग, काज-बटण, इस्त्री, तपासणी आणि मुलागणिक बांधणी यातलं काहीच त्यात नाही.

म्हणजे तीन आठवड्यांचं आश्वासन पाळणं या कारखान्याला कुठल्याही परिस्थितीत शक्य नव्हतं. शाळेच्या समितीत शिवणकाम कळणारा एक पालक असता तर त्याने "मशिन किती?" एवढंच विचारलं असतं आणि पत्र तिथेच संपलं असतं.

दुसऱ्या पत्रात आम्ही शाळा उघडण्याच्या दिवसापासून मागे मोजत आलो. उघडण्याच्या दोन आठवडे आधी वाटप, त्याआधी दोन आठवडे तपासणी आणि बांधणी, त्याआधी सात आठवडे शिलाई, एक आठवडा कटिंग, अडीअडचणीसाठी दोन आठवडे मोकळे. म्हणजे कापड कारखान्यात १४ आठवडे आधी हवं. गिरणीला रंगाईसह कापड द्यायला सहा आठवडे लागतात, म्हणून कापडाची मागणी २० आठवडे आधी आणि शाळेची मंजुरी त्याच्याही थोडी आधी. तारखा अशा मांडल्यावर एक गोष्ट आपोआप पुढे आली, ती म्हणजे मंजुरी उशिरा आली तर उशीर कुणामुळे होईल. हे शाळेला दुखावणारं वाटेल की काय, अशी मालकीणबाईंना धास्ती होती. उलट मुख्याध्यापिकांना ते आवडलं, कारण समितीची बैठक लवकर बोलवायला त्यांना कागदावरचं कारण मिळालं.

मापं

पालकांची रांग लागते ती मापांमुळेच, म्हणून सर्वांत जास्त वेळ आम्ही यावर घालवला.

आधीचे पुरवठादार घरी कागद पाठवून पालकांकडून मापं भरून घेत. त्यात एकजण टेप घट्ट ओढतो, दुसरा सैल धरतो, तिसरा मागच्या वर्षीच्या शर्टाचाच आकडा लिहून पाठवतो. दुसरी पद्धत म्हणजे शिंप्याने शाळेत येऊन प्रत्येकाची छाती-कंबर-लांबी मोजायची. ती अचूक असते, पण ६४० मुलांना स्वतंत्र माप शिवणं या दरात परवडत नाही, शेवटी त्या मापांचे साइझच करावे लागतात. म्हणून आम्ही तिसरी पद्धत निवडली. २४ ते ४० पर्यंतच्या नऊ साइझमध्ये शर्ट, पँट आणि स्कर्ट यांचा एकेक नमुना शिवायचा आणि तो संच शाळेत नेऊन मुलांच्या अंगावर घालून पाहायचा. मुलाच्या नावापुढे फक्त साइझ लिहायचा. एका मुलाला दीड मिनिट धरलं, दोन माणसं बसली, तर जुन्या साडेपाचशे-पावणेसहाशे मुलांचं काम साधारण सात तासांत होतं. खेळाच्या तासांना विभागलं तर दोन दिवस. वर्गशिक्षकांना यात काही करावं लागत नाही, हे पत्रात वेगळं लिहिलं.

पण माप घेतलं त्या दिवशी मूल जेवढं असतं तेवढं ते शाळा उघडताना नसतं. माप १६ आठवडे आधी घ्यायचं आणि कपडा पुढे वर्षभर वापरायचा, म्हणजे जवळजवळ १६ महिन्यांची वाढ धरायला हवी. प्राथमिक वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतात. वयात येतानाच्या एक-दोन वर्षांत याहून बरीच जास्त. ६ सेंटिमीटरने मोजलं तरी १६ महिन्यांत ८ सेंटिमीटर, आणि त्यातली निम्मी तरी पायांत जाते. म्हणजे पँटची लांबी वर्षाअखेर ४ सेंटिमीटरने कमी पडणार. उत्तर सोपं आहे : खालच्या दुमडीत जादा कापड ठेवायचं. किती ठेवायचं हे मात्र कापड किती आटतं यावर ठरतं, आणि तिथेच आमचा पहिला अंदाज चुकीचा निघाला असता.

कापडाची चाचणी

पँटसाठी मालकीणबाईंनी पॉलिस्टर-व्हिस्कोसचं ६५:३५ मिश्रण निवडलं होतं. हाताला मऊ, घडी छान पडते, शाळांत हे कापड भरपूर चालतं. त्यांच्याकडे त्याचा एक नमुना होता. त्यावर पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला, घरच्यासारखं तीनदा धुतलं, सावलीत वाळवलं आणि पुन्हा मोजलं. ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या दिशेने ५० चे ४८ झाले होते. हे ४ टक्के आटणं झालं. ८५ सेंटिमीटरच्या पँटवर ते जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर होतं. वाढीचे ४ आणि आटण्याचे साडेतीन मिळून साडेसात. दुमडीत आम्ही ६ ठेवणार होतो. म्हणजे वर्ष संपायच्या कितीतरी आधी घोटे उघडे पडले असते आणि शाळेने म्हटलं असतं, माप चुकलं. प्रत्यक्षात दोष कापडाचा असता.

पॉलिस्टर फारसं आटत नाही, आटतो तो त्यातला व्हिस्कोस किंवा सुताचा भाग, आणि गिरणीत कापडावर शेवटची प्रक्रिया नीट झाली नसेल तर जास्तच. त्याच मिश्रणाचं दुसऱ्या गिरणीचं कापड मागवलं. त्यात ५० चे ४९.२ झाले, म्हणजे १.६ टक्के. ८५ सेंटिमीटरवर दीडच्या आतच. आता ४ आणि दीड मिळून साडेपाच, ६ च्या दुमडीत बसतं. हे कापड थोडं महाग होतं. मालकीणबाईंनी तेच घेतलं आणि शर्ट व पँट या दोन्ही कापडांचे धुतलेले आणि न धुतलेले तुकडे पत्रासोबत जोडले. मला हा त्यांचा निर्णय फार योग्य वाटतो. "दर्जेदार" या शब्दाने जे कधीच सांगता आलं नसतं ते त्या चार तुकड्यांनी सांगितलं, आणि मोजपट्टी घेऊन कुणालाही ते पडताळून पाहता येत होतं.

दुसरी चाचणी रंगाची. वरचा शर्ट फिका आणि खालचं कापड गडद निळं असेल तर पावसात किंवा घामाने भिजल्यावर कमरेपाशी शर्टाला निळे डाग पडू शकतात. गडद कापडाचा तुकडा ओला करून शर्टाच्या कापडावर दहा-वीस वेळा दाबून घासला की ते लगेच कळतं. गिरणीकडे रंगाच्या पक्केपणाचा अहवाल मागितला तर त्यात १ ते ५ असे अंक असतात, ५ सर्वांत चांगला. धुण्यासाठी ४ च्या खाली असलेलं कापड शाळेच्या कामाला घेऊ नये. रोज अंगावर येणारा आणि वरचेवर धुतला जाणारा कपडा आहे हा.

शेडचाही एक मुद्दा होता. एकाच क्रमांकाचा निळा रंग दोन वेगवेगळ्या रंगाईत तंतोतंत एक येत नाही. एकेकटा पाहिला तर कळत नाही, पण प्रार्थनेला ओळीत उभं राहिलं की फरक दिसतो. म्हणून सगळं कापड एकाच लॉटमधलं घ्यायचं आणि वर्षभरातल्या नव्या प्रवेशांसाठी त्यातलंच थोडं बाजूला ठेवायचं ठरलं. शर्टाला सरासरी १.१ मीटर कापड लागत होतं. १,३४४ शर्टांना साधारण १,४८० मीटर, आणि त्यावर १०० मीटर राखीव.

दर आणि पैसे

यात फार गुंतागुंत नव्हती, पण दोन गोष्टी विचारपूर्वक ठरवाव्या लागल्या. शाळेला शुल्क ठरवायला एकच दर हवा होता. पण २४ च्या शर्टाला आणि ४० च्या शर्टाला लागणाऱ्या कापडात जवळजवळ दुपटीचा फरक. एकच सरासरी दर दिला आणि मोठ्या वर्गांत मुलं जास्त निघाली तर तोटा कारखान्याला, उलट झालं तर लहानांचे पालक मोठ्यांचे पैसे भरणार. तीन गट केले : २४ ते २८, ३० ते ३४, ३६ ते ४०. शाळेला तीन आकडे सांभाळणं अवघड नव्हतं.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. एकूण रकमेतला मोठा वाटा कापडाचा आणि तो गिरणीला आधी द्यावा लागतो. पहिल्यांदा मालकीणबाई निम्मी रक्कम आगाऊ मागणार होत्या. अनोळखी पुरवठादाराला निम्मी रक्कम देण्याआधी कुठलीही समिती बिचकेल. म्हणून वाटपाआधीची रक्कम दोन टप्प्यांत घ्यायचं ठरलं : ३० टक्के मंजुरीबरोबर, ३० टक्के कापड कारखान्यात आल्यावर शाळेच्या माणसाने ते पाहिल्यानंतर. वाटप झाल्यावर ३० आणि उरलेले १० टक्के अदलाबदल संपल्यावर. शेवटच्या दहा टक्क्यांचा आग्रह माझा होता. जो पुरवठादार स्वतःचे पैसे अदलाबदलीपर्यंत शाळेकडे ठेवतो त्याला बदलून देण्याच्या आश्वासनाबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही.

दुसरं पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : येत्या शैक्षणिक वर्षासाठी गणवेश पुरवठ्याचा प्रस्ताव

महोदया,

आपल्या शाळेतील सुमारे ६४० विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दोन जोड गणवेश पुरवण्याचा प्रस्ताव या पत्राद्वारे सादर करीत आहे. आमच्या कारखान्यात आठ शिलाई मशिन असून दिवसाला सरासरी ६५ नग तयार होतात. आपल्या कामास शिलाईचे सात आठवडे लागतील. त्यानुसार कामाचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. शाळा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी वाटप पूर्ण करण्यासाठी आपली मंजुरी २१ आठवडे आधी मिळणे आवश्यक आहे.

साइझ ठरवण्यासाठी आम्ही २४ ते ४० या नऊ साइझचे नमुने घेऊन दोन दिवस शाळेत येऊ व प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगावर नमुना घालून नोंद करू. यासाठी शिक्षकांना वेळ द्यावा लागणार नाही. आपल्याकडून केवळ वर्गवार यादी व एक खोली हवी. नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यंदाच्या पहिलीच्या वर्गातील साइझच्या प्रमाणात गणवेश तयार ठेवू.

शर्टासाठी पॉलिस्टर-कॉटन व पँट-स्कर्टसाठी पॉलिस्टर-व्हिस्कोस, दोन्ही ६५:३५ मिश्रणाचे कापड वापरू. दोन्हींचे न धुतलेले व तीनदा धुतलेले तुकडे सोबत जोडले आहेत. पँट-स्कर्टचे कापड लांबीत १.६ टक्के आटते असे आमच्या चाचणीत आढळले. आपणही मोजून पाहावे, ही विनंती. पँटच्या दुमडीत ६ सेंटिमीटर कापड ठेवले जाईल, म्हणजे वर्षाच्या मध्यात ती उसवून लांबी वाढवता येईल. सर्व कापड एकाच लॉटचे असेल व त्यातील काही भाग वर्षभर राखीव राहील.

प्रत्येक विद्यार्थ्याचे गणवेश नाव, वर्ग व साइझ लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत, वर्गवार गठ्ठ्यांत देऊ. शाळा सुरू झाल्यापासून चार आठवडे साइझ विनामूल्य बदलून देऊ. यासाठी ५ टक्के जादा गणवेश तयार असतील व पहिल्या दोन आठवड्यांत आमची एक व्यक्ती रोज एक तास शाळेत उपस्थित राहील. शिवण उसवणे, बटण निघणे अशा दोषांची दुरुस्ती वर्षभर विनामूल्य करू. वापराने फाटलेले वा डाग पडलेले कपडे यात येत नाहीत.

शिल्लक राहिलेले गणवेश आम्ही परत नेऊ. मात्र पुढील वर्षी गणवेशाचा रंग वा रचना बदलण्याचा निर्णय झाल्यास तो चालू वर्षाच्या मध्यापर्यंत कळवावा, ही विनंती.

दर तीन साइझ-गटांनुसार सोबतच्या तक्त्यात दिले असून ते मंजुरीच्या वर नमूद मुदतीपर्यंत कायम राहतील. रक्कम मंजुरीसोबत ३० टक्के, कापड कारखान्यात आल्यावर शाळेच्या प्रतिनिधीने तपासल्यानंतर ३० टक्के, वाटपानंतर ३० टक्के व अदलाबदल पूर्ण झाल्यावर १० टक्के अशी द्यावी.

मंजुरीपूर्वी शिवलेला एक संपूर्ण जोड तपासणीसाठी देण्यास आम्ही तयार आहोत. मंजूर झालेला जोड दोन्ही बाजूंच्या सहीनिशी शाळेत ठेवावा व पुढील माल त्याच्याशी ताडून पाहावा.

आपली विश्वासू,

पत्र दोन पानांत बसलं. वेळापत्रक, दरांचा तक्ता आणि कापडाचे तुकडे वेगळे. "आजवर एकही तक्रार नाही" हे वाक्य यात नाही. मालकीणबाईंना ते गाळताना जड गेलं, पण बदलून देण्याची व्यवस्था चार ओळींत लिहिणाऱ्याने तक्रारच येत नाही म्हणणं एकमेकांना छेद देणारं झालं असतं.

मंजुरी आणि नंतरचं वर्ष

समितीने तीन प्रस्ताव पाहिले. मालकीणबाईंचा दर मधला होता. समितीतल्या एका पालकाने तुकडे मोजले, घरी आणखी दोनदा धुतले आणि बैठकीत आकडा जुळल्याचं सांगितलं. समितीचा एकच प्रश्न होता : कारखान्यात कुणी आजारी पडलं, मशिन बंद पडलं तर? मालकीणबाईंनी वेळापत्रकातले दोन मोकळे आठवडे दाखवले. काम एका वर्षासाठी मिळालं.

वाटप वेळेवर झालं. अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. पहिल्या आठवड्यात बदलायला आलेले शर्ट बहुतेक सगळे सैल निघाले, घट्ट फार थोडे. नेहमीचा अनुभव याच्या उलट असतो. बदलाच्या वहीत मुलाचं नाव, वर्ग, दिलेला साइझ आणि बदलून दिलेला साइझ अशी नोंद होती, म्हणून कारण सापडलं. सैल शर्टांची मुलं दोनच इयत्तांतली होती आणि त्या दोन्ही इयत्तांची मापं एकाच सकाळी घेतली होती. ती थंडीची सकाळ होती. मुलांनी स्वेटरवरच नमुने घालून पाहिले आणि नोंद करणाऱ्याने बसणारा साइझ लिहिला, म्हणजे एक साइझ मोठा.

त्यामुळे २८ चे जादा शर्ट संपले, कारण ३० घातलेल्या सगळ्यांना तोच हवा होता. राखीव कापडातून आणखी शिवले. लॉट एकच असल्याने रंगात फरक पडला नाही आणि चार आठवड्यांच्या आत सगळ्यांना मिळाले. परत आलेले ३० चे शर्ट न वापरलेले होते, ते पुढच्या वर्षासाठी ठेवले. शाळेने शेवटचे १० टक्के ठरल्या वेळी दिले. जादा शिलाईचा भार कारखान्यावर पडला आणि तो त्यांनी मागितला नाही.

पँटच्या दुमडीबाबत वर्षाच्या मध्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच पालकांना आत कापड आहे हेच माहीत नव्हतं, आणि उशिरा उसवलं तर जुन्या घडीची रेघ कापडावर कायमची दिसते, धुऊन-इस्त्री करूनही जात नाही. पहिल्या सहा महिन्यांत उसवली तर ती बरीच पुसट राहते.

पुढच्या वर्षीचा प्रस्ताव एका पानाचा झाला. त्याला बदलाच्या वहीचा गोषवारा जोडला होता : कोणत्या इयत्तेत किती बदल, सैल किती, घट्ट किती, स्वेटरच्या सकाळीचे किती. साइझ नोंदवण्याच्या परिच्छेदात "नमुना केवळ शर्ट वा बनियनवर घातला जाईल" हे वाक्य आलं, आणि प्रत्येक पिशवीत दुमड कधी व कशी उसवायची हे सांगणारी चिठ्ठी देऊ असं एक वाक्य वाढलं. जादा नगांचं प्रमाण सगळ्या साइझना सारखं ५ टक्के न ठेवता ३० ते ३४ या गटात ७ केलं, कारण वेगाने वाढणारी मुलं तिथेच जास्त असतात, आणि ३६ च्या वर ३ पर्यंत खाली आणलं. समितीने त्यावर चर्चा केली नाही, दरांच्या तक्त्यातला एक आकडा विचारला आणि दोन वर्षांसाठी मंजुरी दिली.